दहावीच्या निकालाआधी एसटी: ऑटिझम असलेल्या मुलाच्या कॉलेजची किंवा पहिल्या कामाची तयारी कुठून सुरू करायची

ऑटिझम असलेल्या मुलांचे आईवडील ‘दहावीनंतर काय?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात ते बहुधा मे महिन्यात. निकाल तोंडावर असतो. कुणी आयटीआय सुचवलेलं असतं, कुणी अकरावीला घाला म्हणतं, कुणी मामाच्या दुकानात बसवा म्हणतं. आणि तीन आठवड्यांत पाऊस सुरू होणार असतो. ज्या मुलाला रेनकोटचं प्लास्टिक अंगाला लागलेलं सहन होत नाही, त्याच्यासमोर नवं कॉलेज, नवी एसटी, नवी माणसं आणि कोकणातला पाऊस हे सगळं एकाच सोमवारी आलं, तर तो कोलमडतो. मग घरात वाक्य ठरतं, ‘त्याला कॉलेज झेपत नाही.’

मी विशेष शिक्षिका आहे, दापोलीच्या आसपासच्या गावांत घरी जाऊन काम करते. पहिल्या दोन महिन्यांत कॉलेज किंवा काम सोडून घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांतल्या फार थोड्या मुलांचं अभ्यासावर किंवा कामावर अडलं होतं. एकाची गाडी चुकली आणि तो फाट्यावर अडीच तास उभा राहिला. एक मुलगी दिवसभर लघवीला गेली नाही, कारण बाथरूम कुठे ते विचारता आलं नाही. एकाचा तास रद्द झाला, सगळे निघून गेले आणि तो रिकाम्या वर्गात बसून राहिला. हे सगळं वेळापत्रकाच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत घडतं, म्हणून तयारीही तिथलीच करायला हवी. ती नववीच्या दिवाळीत सुरू केली तर निवांतपणे होते. दहावीच्या दिवाळीत केली तरी हरकत नाही. मे महिन्यात मात्र घाई होते.

पुढे मी एका मुलाचं उदाहरण धरून सांगणार आहे. त्याला बाबू म्हणू. हर्णै रस्त्यावरच्या गावातला, तयारी सुरू झाली तेव्हा पंधरा वर्षांचा. वाचतो, लिहितो, गणित बरं. बोलतो, पण विचारलं तेवढंच, आणि घाबरला की शब्द पूर्ण बंद होतात. तुमचं मूल याच्यापेक्षा जास्त बोलत असेल किंवा अजिबात बोलत नसेल, तरी पायऱ्या याच क्रमानं घ्या. त्यांना लागणारा वेळ मात्र बदलेल.

आधी एक आठवडा फक्त लिहा

बाबूच्या आईला मी पहिल्या दिवशी विचारलं, सकाळचं काय काय तो स्वतः करतो? ती म्हणाली, ‘बाई, सगळं करतो तो. आंघोळ, कपडे, डबा भरणं.’ मी म्हटलं, उद्यापासून सात दिवस वहीत लिहा. प्रत्येक कामासमोर चारांपैकी एक खूण: स्वतःहून केलं, बोट दाखवल्यावर केलं, तोंडानं सांगितल्यावर केलं, की हात लावून करून घेतलं. कामाचे तुकडेही बारीक करायचे. ‘आंघोळ’ असं एक काम लिहायचं नाही. टॉवेल घेणं, पाणी काढणं, साबण लावणं, पाठ धुणं, कपडे घालणं असं वेगवेगळं लिहायचं.

आठवड्यानं मोजलं तर उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत आई त्याला रोज तीसेक वेळा काहीतरी सांगत होती. ‘चल’, ‘हं, आता शर्ट’, ‘डबा घेतलास?’ तिला स्वतःलाच ते ऐकू येत नव्हतं. बाबूला प्रत्येक काम येत होतं. एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे जायला मात्र त्याला आईचा आवाज लागत होता, आणि कॉलेजात किंवा कामावर तो आवाज नसणार.

तोंडानं दिलेली सूचना काढून घेणं सगळ्यांत अवघड. मूल तुमच्या आवाजाची वाट बघायला शिकलेलं असतं. चित्राची किंवा लिहिलेल्या यादीची सूचना त्यामानानं सोपी जाते, कारण यादी तो सोबत नेऊ शकतो. बाबूच्या सकाळच्या अकरा पायऱ्यांचे फोटो काढून एका पट्टीवर लावले आणि ती पट्टी पडवीत टांगली. पहिला आठवडा आई शेजारी उभी राहून फक्त बोटानं पुढचा फोटो दाखवायची, तोंड बंद. नंतर ती स्वयंपाकघराच्या दारात गेली, मग आत. सहाव्या आठवड्याला ती परसात कपडे वाळत घालत होती आणि बाबू आपणहून दप्तर घेऊन पायरीवर येऊन बसला होता. या दिवसांत आजीला गप्प ठेवणं आईला बाबूपेक्षा अवघड गेलं. पण घरातल्या एकानं जरी ‘चल रे’ म्हटलं तरी मूल पुन्हा त्या आवाजावर अवलंबून राहतं, म्हणून घरातल्या सगळ्यांशी आधी बोलून घ्या.

ही वही टाकू नका. पुढे दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी, परीक्षेतल्या सवलतींसाठी आणि मालकाला द्यायच्या कागदासाठी हीच उपयोगी पडते.

एसटी एकट्यानं: चार महिन्यांचं काम

गावाकडच्या मुलाचं कॉलेज असो की काम, मध्ये एसटी येतेच. रोज वडिलांनी मोटरसायकलवरून सोडायचं ठरवलं, तर वडिलांचा ताप किंवा गावातलं लग्न त्याची रजा ठरवतं. म्हणून प्रवास शिकवणं ही मी पहिली मोठी पायरी मानते. ती दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याच्या आधी संपवायची. या काळात रस्ता कोरडा असतो, पहाटे गारवा असतो आणि गाड्यांना चाकरमान्यांची गर्दी नसते. गणपतीच्या आणि मे महिन्याच्या गर्दीत कधीच सुरुवात करू नका.

सुरू करण्याआधी एक गोष्ट डॉक्टरांकडून तपासून घ्या. ऑटिझम असलेल्या मुलांत वयात येताना फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. प्रत्येक वेळी हातपाय झटकले जातातच असं नाही. मूल बोलता बोलता काही सेकंद टक लावून थांबतं, हाक ऐकत नाही आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे चालू करतं, असं वारंवार दिसलं तर आधी ते दाखवा. एकट्यानं प्रवासाचा विचार त्यानंतर.

बाबूसाठी सकाळी ९.१० ची, कमी गर्दीची गाडी निवडली. पहिल्या टप्प्यात आई शेजारी बसली. पाटी वाचणं, हात करणं, दारातून उतरणाऱ्यांना वाट देणं, ‘एक दापोली’ म्हणणं, सुटे पैसे देणं, तिकीट वरच्या खिशात ठेवणं, डेपोत उतरणं. दुसऱ्या टप्प्यात आई दोन सीट मागे बसली. तिसऱ्यात ती त्याच गाडीत, पण ओळख न दाखवता. चौथ्यात ती गाडीत नाही. काका मोटरसायकलवरून गाडीच्या मागे, आणि बाबूला ते माहीत आहे. पाचव्यात तो एकटा, डेपोत कुणीतरी घ्यायला. सहाव्यात घ्यायलाही कुणी नाही. पुढच्या टप्प्यावर जायचा नियम एकच ठेवला: लागोपाठ तीन फेऱ्या मदतीशिवाय झाल्या पाहिजेत. दोन झाल्या आणि तिसरीत चुकलं की मोजणी पुन्हा एकपासून. यात डिसेंबर गेला आणि जानेवारीही गेला.

इथंच बहुतेक पालक थांबतात, आणि खरी कसोटी यानंतर असते. सुरळीत प्रवास शिकलेल्या मुलाला बिघडलेला प्रवास येत नाही. म्हणून तो मुद्दाम बिघडवून शिकवायचा. आम्ही एक दिवस ठरवून गाडी जाऊ दिली. एक दिवस त्याला आसूदला उतरवलं आणि तिथून पुढची गाडी धरायला लावली. एक दिवस पाचशेची नोट दिली, म्हणजे कंडक्टर ‘सुटे दे रे’ म्हणणारच. आदल्या दिवशी त्याला सांगून ठेवायचो, ‘उद्या गाडी चुकवायची आहे.’ अचानक धक्का देऊन शिकणं होत नाही, घाबरणं होतं. त्याच्या खिशात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा होता, त्यावर असं लिहिलं होतं:

‘गाडीची वेळ ९.१०. ९.४० पर्यंत थांबायचं. ९.४० ला गाडी नसेल तर फाट्यावरच्या किराणा दुकानात जायचं. आईला फोन करायचा. आई सांगेल ते करायचं.’

‘थोडा वेळ थांब’ असं कुठेही लिहिलेलं नाही हे बघा. थोडा म्हणजे किती, हे त्याला कळत नाही. घड्याळातला आकडा कळतो. दुकानदाराला आम्ही आधी भेटून सांगितलं होतं की हा आला तर काही विचारू नका, फोन करू द्या. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला दुसऱ्यासाठी मजकूर होता: ‘मला ऑटिझम आहे. घाबरलो तर मला बोलता येत नाही. मला बसू द्या आणि या नंबरवर फोन करा.’

पुढच्या जुलैत रस्त्यावर झाड पडलं आणि गाडी आलीच नाही. ९.४३ ला आईला फोन आला, ‘एसटी नाही. दुकान.’ तीनच शब्द, पण एवढ्यासाठीच तो सगळा खटाटोप होता.

सुरक्षिततेची एक चूक आमच्याकडून झाली, ती सांगते. ‘अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही’ असं आम्ही शिकवलं होतं. पण आपल्या गावात अनोळखी कोण? येणाजाणारा प्रत्येक जण ‘काय रे, कुठं चाललास? चल, सोडतो’ म्हणून मोटरसायकल थांबवतो. बाबूच्या हिशोबात ती सगळी ओळखीची माणसं. एकदा तो असाच कुणाच्या तरी मागे बसून भलत्याच वाडीत गेला. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यानं फक्त नीट ऐकलं नव्हतं. तेव्हापासून नियम बदलला: ज्या चौघांचे फोटो पुठ्ठ्यावर आहेत, त्यांच्याच गाडीवर बसायचं. बाकी कुणीही असो, सरपंच असोत की सख्खी आत्या असो, हात जोडून ‘नको’ म्हणायचं. त्याचा सराव आम्ही गावातल्याच पाचसहा जणांना सांगून करून घेतला. मुलगी असेल तर हा सराव दुप्पट करा. शिवाय पाळीच्या दिवसांत बाहेरच्या बाथरूममध्ये पॅड बदलणं, ते गुंडाळून टाकणं, हे घराबाहेर, खऱ्या जागी शिकवा. घरच्या बाथरूममध्ये येतं ते बाहेर आपोआप येत नाही.

दहावीची परीक्षा आणि दाखला

ही कागदाची पायरी लवकर उरकावी. जिल्हा शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र काढायचं. त्याचा अर्ज swavlambancard.gov.in वर होतो. ऑटिझमची तपासणी आयएसएए या चाळीस प्रश्नांच्या मापनावर होते. तिथं ७० ते १०६ गुण म्हणजे सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यावर तीव्र. ७० च्या खाली आलं तर ऑटिझमचा दाखला मिळत नाही. आणि सवलतींसाठी दाखल्यावर किमान ४० टक्के लागतात.

बोलणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या मुलांचं इथं नुकसान होतं, आणि ते बरेचदा आईच्या कौतुकामुळे होतं. डॉक्टर विचारतात, ‘स्वतः आंघोळ करतो?’ आई अभिमानानं म्हणते, ‘हो तर!’ तीस वेळा सांगितल्यावर करतो, हे राहून जातं. बाबूच्या आईनं ती वही नेली आणि किती मदत लागते ते वाचून दाखवलं. वाढवून सांगू नका, पण झाकूनही ठेवू नका. लहानपणी काढलेला दाखला असेल तर त्यावरची मुदत बघा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझम स्पष्ट नमूद आहे, आणि त्याच्या आधारानं बोर्डात जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. जादा वेळ तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. अर्ज शाळेमार्फत, परीक्षेच्या बऱ्याच आधी. पण लेखनिक मिळाला म्हणून काम होत नाही. उत्तर तोंडानं सांगणं, दुसरा लिहीपर्यंत थांबणं, ‘नवा परिच्छेद’ म्हणणं, हे वेगळं कौशल्य आहे. बाबूनं दोन सराव पेपर लेखनिकाबरोबर सोडवले आणि त्याचे गुण स्वतः लिहून मिळाले होते त्यापेक्षा कमी आले. त्याला हात चालत असताना उत्तर सुचतं. म्हणून त्याच्यासाठी फक्त जादा वेळ घेतला. हे परीक्षेच्या आधी कळलं, कारण सराव केला होता.

सगळे विषय एका वेळी पेलणार नसतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा रस्ता आहे. तिथं एका वेळी एक-दोन विषय देता येतात.

एप्रिल-मे: कामाची चव

दहावीचे पेपर मार्चमध्ये संपतात आणि अकरावी पावसात सुरू होते. हे मधले दोन महिने मला सगळ्यात मोलाचे वाटतात. त्यात मूल तीन-चार ठिकाणी खरं काम करून बघू शकतं. ‘तुला काय व्हायचंय?’ असं विचारू नका. जे कधी केलंच नाही त्याबद्दल त्याला उत्तर नसतं, आणि शेवटचं ऐकलेलं नाव तो सांगून टाकतो. चार दिवस काम करून झालं की त्या जागेचे फोटो समोर ठेवायचे आणि ‘परत कुठं जायचं?’ विचारायचं. उत्तर बोट ठेवून आलं तरी चालतं.

बाबूनं तीन जागा पाहिल्या. झेरॉक्सचं दुकान गर्दीमुळे पहिल्याच दिवशी बाद. काजूच्या कारखान्यात गराची वर्गवारी त्याला आवडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, कारण ‘अशा मुलांना वस्तू लावायला आवडतात’ हे कुणीतरी ऐकलेलं असतं. त्याला काजू भाजल्याचा वास सहन झाला नाही. (काजू फोडायच्या कामाला मी अठरा वर्षांखालच्या कुणालाच पाठवत नाही. टरफलातल्या तेलानं कातडी भाजते.) तिसरी जागा होती कलमांची रोपवाटिका. तिथं एप्रिल-मेमध्ये काळ्या पिशव्या भरण्याचं काम असतं, कारण आंबे खाऊन झाले की पावसाच्या सुरुवातीला कोयी लावायच्या असतात.

पहिल्या दिवशी एक तास. मालक चांगले गृहस्थ, त्यांनी दाखवलं, ‘अशी भर, वर थोडी रिकामी ठेव.’ बाबूनं सगळ्या पिशव्या काठोकाठ भरल्या. पुन्हा तोच ‘थोडी’ शब्द. मी बांबूची एक कामटी घेऊन तिला दोन बोटांवर लाल टेप लावला. पिशवीच्या काठावर कामटी धरायची, माती टेपच्या वर आली तर काढायची, खाली राहिली तर भरायची. पिशवीला तळाची भोकं आहेत का बघणं, तोंड उघडणं, शेणखत मिसळलेली माती दोन ओंजळी घालणं, आपटणं, पुन्हा घालणं, कामटी लावणं, रांगेत ठेवणं, हे सात फोटो. एका रांगेत दहा पिशव्या. पहिल्या आठवड्यात तासाला पंचवीसच्या आसपास झाल्या, तिसऱ्या आठवड्यात चाळीसच्या वर, आणि परत करायला लागल्या अशा फार थोड्या.

अडचण आली ती पिशव्या भरण्यात नाही. माती संपली की तो तिथंच उभा राहायचा, वीस मिनिटं, अर्धा तास. मालकांना वाटलं, कंटाळा करतो. खरं तर ‘संपलं, आता काय?’ हे विचारणं त्याच्या कामाच्या यादीत नव्हतंच. आम्ही आठवा फोटो जोडला: मालकांचा. माती संपली की त्यांच्याकडे जायचं आणि रिकामी टोपली दाखवायची. शब्द नाही सुचले तरी टोपली बोलते. तुमच्या मुलाला कुठलंही काम शिकवाल तेव्हा हा शेवटचा फोटो विसरू नका. पहिली नोकरी याच्यावाचून सुटताना मी पाहिली आहे.

दुसरी अडचण ग्रासकटरची. तो सुरू झाला की बाबू कान दाबून कुंपणापर्यंत पळायचा. कानावरची आवाजरोधक पट्टी घेतली आणि मालकांनी कबूल केलं की कटर सुरू करायच्या आधी येऊन त्याला दाखवतील. बहुतेक मालक एवढं आनंदानं करतात, पण नेमकं काय करायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ‘जरा सांभाळून घ्या’ हे सांगणं नव्हे. एका पानावर लिहून द्या: काय उत्तम येतं, काम कसं दाखवायचं, काय सहन होत नाही आणि तसं झालं तर काय करायचं, फोन कुणाला. चार परिच्छेद पुरतात. रोगाचं वर्णन नको.

पैशाचं आधी बोला. शिकण्याचे चार दिवस पैसे नसले तरी ठीक. त्याच्या पिशव्या कामात धरल्या जाऊ लागल्या की इतरांसारखे पैसे मिळाले पाहिजेत, आणि ते त्याच्या हातात.

कॉलेज: इमारत आधी, वर्ग नंतर

बाबूनं रोपवाटिकेच्या फोटोवर बोट ठेवलं, आणि अकरावीचा फॉर्मही स्वतः भरायला घेतला. म्हणून दोन्ही ठेवलं: आठवड्याचे पाच दिवस कॉलेज, शनिवारी सकाळी रोपवाटिका. एकच रस्ता निवडायची घाई सोळाव्या वर्षी करू नये असं माझं मत आहे.

कॉलेजला आम्ही मे महिन्यात, सुट्टीत गेलो, तेव्हा आवार रिकामं होतं. गेटपासून वर्गापर्यंत, वर्गापासून बाथरूमपर्यंत, पाण्याच्या नळापर्यंत, ग्रंथालयापर्यंत चालून बघितलं, फोटो काढले. तीन फेऱ्या. मग एक माणूस शोधला. पालक नेहमी प्राचार्यांना किंवा वर्गशिक्षकांना भेटतात. पण अडचण येते त्या क्षणी ते जागेवर नसतात. ग्रंथालयातले मदतनीस दहा ते पाच एकाच खुर्चीवर असतात. बाबूसाठी तेच ठरले. पुठ्ठ्यावर नवी ओळ आली: ‘तास झाला नाही तर ग्रंथालयात जायचं. पुढचा तास घड्याळात लागेपर्यंत तिथं बसायचं.’

शिक्षकांकडे तीनच गोष्टी मागितल्या. वेळापत्रक बदललं तर आदल्या संध्याकाळी फोनवर संदेश. दाराजवळची, कडेची जागा. तोंडी परीक्षेचे प्रश्न कागदावर. दहा मागितल्या असत्या तर एकही नीट मिळाली नसती. ‘वर्गाला सांगायचं का?’ हे आम्ही बाबूला विचारलं. तो नाही म्हणाला, म्हणून सांगितलं नाही. शेजारच्या मुलावर राखणीची जबाबदारीही टाकली नाही. त्यानं मैत्री तुटते.

पहिल्या दीड महिन्यात काय बघायचं ते लिहून ठेवा. वर्गात मूल शांत बसतं आणि घरी आल्यावर भांडी फेकतं, तेव्हा घरचे म्हणतात, ‘तिकडे छान असतो, इथंच नाटकं.’ दिवसभर आवरून धरलेलं ते घरी सुटतं. ते कॉलेजचंच लक्षण आहे. डबा तसाच परत येणं, पाण्याची बाटली भरलेलीच येणं (म्हणजे बाथरूम टाळतोय), झोप तुटणं, थांबलेलं डोलणं किंवा हात हलवणं पुन्हा खूप वाढणं, आधी येणारी कामं अचानक न येणं. यातली दोन-तीन लक्षणं आठवडाभर टिकली की तास कमी करा. पूर्ण बंद करू नका आणि नेटानं ढकलूही नका. बाबूचं ऑगस्टमध्ये असं झालं. आम्ही कॉलेजशी बोलून दोन आठवडे दुपारचे तास सोडले आणि शनिवारचं काम थांबवलं. गणपतीच्या सुट्टीनंतर एकेक तास परत जोडला. डोलणं मात्र कुणी थांबवलं नाही, ते त्याला शांत करतं.

पुढे पदवीला जाताना सरकारी आणि अनुदानित संस्थांत ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयाच्या अटीत पाच वर्षांची सूट असते. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. दाखला चालू मुदतीचा असेल तरच याचा उपयोग.

अठरावं वर्ष

अठरा पूर्ण झाली की कायद्यानं तो सज्ञान. आईवडिलांची सही आपोआप चालेनाशी होते, बँकेत आणि दवाखान्यातही. म्हणून सतराव्या वर्षापासून दोन गोष्टी सुरू करा.

पहिली म्हणजे सही. बऱ्याच मुलांची सही दरवेळी वेगळी येते आणि बँक ती परत करते. बाबूसाठी आम्ही लांबलचक नाव सोडून पाच अक्षरांची सही ठरवली, चौकटीच्या वहीत रोज तीन, तीन महिने. मग त्याच्या नावाचं खातं, आणि रोपवाटिकेचे पैसे त्यात. पासबुक तोच भरून आणतो.

दुसरी म्हणजे पालकत्वाचा विचार. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अठरानंतर कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वही आहे. त्यात ठराविक निर्णयापुरती मदत असते आणि निर्णय त्या व्यक्तीच्या सहमतीनं घ्यायचा असतो. शेजारच्यांनी केलं म्हणून पूर्ण पालकत्वाचा अर्ज करू नका. आधी यादी करा: पैसे काढणं, औषधोपचाराला होकार, जमिनीच्या कागदावर सही, मोबाइलचं सिम. प्रत्येकापुढे वहीतल्यासारखीच खूण करा: स्वतःहून, समजावल्यावर, की अजिबात नाही. बाबूच्या यादीत फक्त वडिलोपार्जित जमिनीचे कागद शेवटच्या रकान्यात आले. बाकी सगळं त्याला दोनदा, चित्र काढून समजावलं की तो ठरवू शकतो, आणि ठरवतो.

त्याच न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची. तिचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. त्याची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर आताच लिहून ठेवा, आणि नूतनीकरणाच्या फॉर्मवर त्याला सही करता येत असेल तर ती त्यालाच करू द्या.